भाडे एका खात्यात, कर तिघांच्या वाट्याला

डोंबिवली पूर्वेला जुन्या सोसायटीतला एक फ्लॅट. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. आजी आणि दोन्ही मुलगे त्यांच्या आधीच गेलेले. थोरल्या मुलाच्या मागे त्याची पत्नी आणि एक मुलगी, धाकट्याच्या मागे फक्त एक मुलगा. मुलगी डोंबिवलीत आईजवळ राहते, फ्लॅटवर तीच लक्ष ठेवते. भाडेकरू शोधणे, लीव्ह अँड लायसन्सचा करार, पालिकेचा मालमत्ता कर, गळकी मोरी, सगळे तिच्याकडे. मुलगा ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, चांगल्या पगारावर आहे. भाडे येते ते बहिणीच्या खात्यात. विवरणपत्रे भरायचे दिवस आले की या दोन चुलत भावंडांत एक संवाद होतो. ही दोघे कल्पित आहेत, पण ठाणे-कल्याण पट्ट्यात आजोबांच्या पिढीने घेतलेली घरे नातवंडांकडे येऊ लागल्यापासून हा संवाद कर सल्लागारांच्या टेबलावर नेहमीचा झाला आहे. भाऊ म्हणतो, “ताई, भाडं तुझ्या खात्यात येतं, ते काकूच्या औषधपाण्याला जातं, मी एक रुपया घेत नाही. मग त्यातल्या अर्ध्यावर कर मी का भरायचा?” ताई म्हणते, “अरे, मग काय सगळा मी भरू? घर काय माझ्या एकटीचं आहे?” दोघांचेही म्हणणे सरळ वाटते, आणि तरी आयकर कायदा या प्रश्नाकडे दोघांच्याही बाजूने पाहत नाही. पैसा कोणाला मिळाला, कोणी खर्च केला, कोणाला गरज होती, यांपैकी एकही गोष्ट तो आधी विचारत नाही. तो विचारतो घर कोणाचे आणि कितीचे. असे का, आणि हे योग्य आहे का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उत्तर भाड्यापासून शोधत गेले तर सापडत नाही, कारण कायद्याने कर भाड्यावर लावलेलाच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २२ वाचले तर त्यात करपात्र ठरते ते घराचे ‘वार्षिक मूल्य’, आणि ते करपात्र ठरते त्या घराच्या मालकाच्या हाती. भाडे हे ते मूल्य मोजायचे एक माप आहे. कलम २३ सांगते की घर वाजवीपणे किती भाड्याने जाईल ते पाहा, आणि प्रत्यक्ष भाडे त्याहून जास्त असेल तर ते धरा. म्हणूनच एखाद्याकडे स्वतःच्या राहत्या घराखेरीज जास्तीची घरे असतील, तर दोन घरांपलीकडच्या रिकाम्या घराचेही काल्पनिक भाडे त्याच्या उत्पन्नात धरले जाऊ शकते, एक पैसाही हातात आलेला नसताना. पगार किंवा व्याज यांच्या बाबतीत असे होत नाही. घराच्या उत्पन्नाची ही जात वेगळी आहे, आणि भावाचा आक्षेप इथेच पहिल्यांदा अडतो. ‘मला मिळाले नाही’ हे उत्तर जो कर मिळकतीवर असतो त्याला लागू पडते. मालकीच्या मूल्यावरच्या कराला ते लागू पडत नाही. कर मालकीला चिकटला आहे म्हटल्यावर, मालक तीन असतील तर तो तिघांना ज्याच्या त्याच्या मालकीच्या मापाने चिकटणार, हे त्यातूनच निघते. कलम २६ वेगळे काही नवे सांगत नाही. दोन किंवा अधिक मालक असतील आणि त्यांचे हिस्से निश्चित व ठरवता येण्याजोगे असतील, तर त्या सर्वांची मिळून एक ‘व्यक्तिसमूह’ अशी आकारणी करायची नाही. घराच्या उत्पन्नातला प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या त्याच्या एकूण उत्पन्नात मिळवायचा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात, जो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे, कलमांचे क्रमांक बदलले, हे सूत्र बदललेले नाही.

कलम २६ मधला ‘समूह धरायचा नाही’ हा नकार महत्त्वाचा आहे, कारण आकारणी करणाऱ्यांचा मोह नेहमी उलटा असतो. एक घर, एक करार, एक खाते. मग एकच करदाता धरला की काम संपले. १९२२ च्या जुन्या कायद्यातही कलम ९(३) मध्ये हाच नकार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली इंदिरा बाळकृष्ण यांच्या खटल्यात, जो मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता, या मोहाला व्यापक उत्तर दिले. पतीच्या मृत्यूनंतर तीन विधवांकडे एकत्र मालमत्ता आली होती: घरे, समभाग, ठेवी. घरांच्या भाड्यापुरते कलम ९(३) होतेच. ओढाताण होती ती लाभांश आणि व्याज यांसारख्या उत्पन्नाची. न्यायालयाने म्हटले की वारसा एकत्र आला आणि पैसा एकत्र मिळाला म्हणून माणसे समूह होत नाहीत. उत्पन्न मिळवण्याच्या समान हेतूने ती स्वतःहून एकत्र आली पाहिजेत. १९७३ मध्ये जी. मुरुगेसन बंधूंच्या खटल्यात, आजोबांनी चार नातवांना दिलेल्या मालमत्तेवरून, हाच धागा पुढे गेला. मुंबईच्या वरळी भागातल्या शिवसागर इस्टेटच्या सहमालकांचे भाडे समूहाचे की ज्याचे त्याचे, हा वाद १९९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तेव्हाही ते ज्याचे त्याचेच ठरले. थोडक्यात, ताईने तिघांच्या वतीने करार केला, भाडे गोळा केले, रंग लावून घेतला, म्हणून ती आणि भाऊ आणि काकू मिळून काही संस्था झाली नाही. ती फक्त सोयीसाठी गोळा करणारी आहे.

मग हिस्से कसे ठरतात? इथे लोकांची सर्वांत जास्त गफलत होते, आणि कर चुकतो तो बहुधा इथेच. आजोबांचे घर असल्याने ते ‘वडिलोपार्जित’ आणि म्हणून एकत्र कुटुंबाचे, असे घराघरांत सर्रास म्हटले जाते. पण आजोबांनी स्वतःच्या पैशातून घेतलेले घर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वारसांकडे गेले, तर ते वारसांच्या हाती वैयक्तिक मालमत्ता असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात स्पष्ट केले. कलम १९ सांगते की असे वारस मालमत्ता संयुक्तपणे नव्हे, तर ज्याचा त्याचा स्वतंत्र हिस्सा घेऊन सहमालक होतात. आणि कलम १० वाटणीचा हिशोब देते. आधी गेलेल्या प्रत्येक मुलाच्या शाखेला मिळून एक वाटा, आणि त्या शाखेत विधवा व मुले यांना सारखे भाग. आपल्या उदाहरणात दोन शाखा, म्हणून प्रत्येकीला अर्धा. धाकट्या शाखेत एकटा भाऊ, म्हणून त्याचा अर्धा. थोरल्या शाखेत काकू आणि ताई, म्हणून प्रत्येकी पाव. घरात बोलताना मात्र ‘आम्ही दोघं भावंडं, निम्मं निम्मं’ असेच म्हटले जाते आणि काकूचा पाव हिस्सा कागदावर यायचा राहून जातो. करापुरते पाहिले तरी ही मोठी चूक आहे, कारण तिघांत कराची सर्वांत कमी झळ लागणारी व्यक्ती तीच आहे.

वारसा नसेल, दोघांनी मिळून घर विकत घेतले असेल, तर करारनाम्यात हिस्से लिहिलेले असतील ते खरे. पुष्कळ करारनाम्यांत ते लिहिलेलेच नसतात, नुसती दोन नावे असतात. अशा वेळी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याचे कलम ४५ उपयोगी पडते: वेगळा करार नसेल तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर सारखा हिस्सा. ‘हिस्से लिहिलेले नाहीत म्हणून ते ठरवता येत नाहीत’ हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकत नाही. आणि तो टिकावा असे करदात्याने वाटून घेऊही नये, कारण हिस्से खरोखर अनिश्चित ठरले तर कलम २६ चे संरक्षण जाते आणि कलम १६७बी प्रमाणे कराचा कमाल दर लागू होऊ शकतो.

आता भावाचा दुसरा आक्षेप. “सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आजोबांनंतर तुझं एकटीचं नाव लागलंय, ताई. नॉमिनी तूच होतीस. म्हणजे कागदोपत्री मालक तू, कर तुझा.” वर्षाला काही हजारांचा कर टाळण्यासाठी अर्ध्या फ्लॅटवरचा हक्क बोलता बोलता सोडून देणारा हा युक्तिवाद आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. नामनिर्देशनाने मालकी जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण घातले, त्यात वारस ठरेपर्यंत नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असेच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या खटल्यात, समभाग आणि म्युच्युअल फंडांच्या संदर्भात, तेच सांगितले: नॉमिनी हा सांभाळणारा, वारसा ठरतो तो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. सोसायटीच्या वहीतले नाव सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते सांगते. आयकर अधिकाऱ्याला घर कोणाचे ते सांगत नाही. उलट दिशेनेही हे खरे आहे. डोंबिवली-कल्याणमध्ये जमिनीचे अभिहस्तांतरण न झालेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत, सात-बारावर अजून बिल्डर किंवा मूळ शेतकरी दिसतो. म्हणून फ्लॅटधारक ‘मालक’ नाही असे मात्र होत नाही. सहकारी संस्थेने ज्याला सदनिका दिली तो सभासद आयकर कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मालक मानला जातो, आणि १९९७ च्या पोदार सिमेंट खटल्यात, मुंबईतल्याच फ्लॅटांबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नोंदणीकृत खरेदीखत नसले तरी स्वतःच्या हक्काने घराचे उत्पन्न घेऊ शकतो तो कलम २२ पुरता मालक. या निकालात ‘स्वतःच्या हक्काने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ताई भावाच्या अर्ध्याचे भाडे घेते ते त्याच्या संमतीने, स्वतःच्या हक्काने नव्हे.

यानंतर राहतो तो भावाचा खरा, आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत बळकट आक्षेप. “मी माझा हिस्सा काकूला सोडला आहे. सोडलेल्या पैशावर कर कसा?” या प्रश्नाचे उत्तर आणखी एका जुन्या खटल्यात आहे, आणि तोही मुंबईतलाच. सीतलदास तीरथदास यांना न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे पत्नी आणि मुलांना पोटगी द्यावी लागत असे. ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करावी असे त्यांचे म्हणणे होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. न्यायालयाने रेषा अशी आखली: उत्पन्न तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच एखाद्या वरचढ हक्काने दुसरीकडे वळले, तर ते तुमचे कधी झालेच नाही, पण ते तुमचे झाले आणि मग तुम्ही ते कोणाला दिले, मग ते हुकमाने का असेना, तर तो उत्पन्नाचा विनियोग झाला, आणि विनियोगामुळे कर जात नाही. न्यायालयाच्या हुकमाने दिलेली पोटगीही जर वजा होत नाही, तर प्रेमाने सोडलेले भाडे कसे होईल? त्यात कलम ६० आणखी स्पष्ट आहे. मालमत्ता स्वतःकडे ठेवून नुसते उत्पन्न दुसऱ्याला दिले, तर ते उत्पन्न देणाऱ्याचेच धरले जाते. भावाने अर्धा फ्लॅट ठेवला आणि अर्धे भाडे दिले. कायदा फ्लॅटकडे पाहतो.

हे कठोर वाटते. आणि जगात सगळीकडे असेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये पती-पत्नी नसलेले सहमालक भाड्याच्या नफ्याची वाटणी मालकीच्या प्रमाणाहून वेगळी ठरवू शकतात, आणि ती खरोखर पाळली जात असेल तर कर त्या वाटणीप्रमाणे लागतो. मग आपल्याकडे कुटुंबाच्या समजुतीला मान का नाही? आकडे मांडून पाहिले की कारण दिसते. समजा भाडे महिना २०,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,४०,०००. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा मालमत्ता कर त्या वर्षी प्रत्यक्ष भरला तो १२,०००. उरले २,२८,०००. यातून कलम २४ प्रमाणे सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे ६८,४००. घरावर कर्ज नाही. करपात्र उत्पन्न १,५९,६००. याचे हिस्से: भाऊ ७९,८००, ताई ३९,९००, काकू ३९,९००. धरून चालू की भावाचे वरचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, ताईचे २० टक्क्यांच्या, आणि काकूला थोड्या कौटुंबिक निवृत्तिवेतनाखेरीज काही नाही. चार टक्के उपकरासह भावाचा कर सुमारे २४,९००, ताईचा सुमारे ८,३००, काकूचा शून्य. एकूण ३३,२०० च्या आसपास. आता सगळे भाडे ताईचे धरले तर? तिचा कर २०.८ टक्क्यांनी पुन्हा तेवढाच, ३३,२०० च्या आसपास. या आकड्यांत योगायोगाने सरकारला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो ताईला, जिच्या पाव हिश्श्यावर पूर्ण घराचा कर येतो. आणि सगळे भाडे काकूचे धरले तर कर शून्य. कुटुंबाच्या समजुतीला मान दिला तर प्रत्येक सुज्ञ कुटुंबाची समजूत दरवर्षी, अगदी निरपवादपणे, सर्वांत कमी उत्पन्नाच्या सदस्याच्या बाजूने होईल. चढत्या दराचा कर मग नावापुरता उरेल, आणि ज्यांच्या घरात अशी काकू नाही त्यांनीच तो भरायचा. वाटणी खरी की दाखवण्यापुरती हे दर घरात जाऊन तपासणे शक्य नाही. मालकीची कागदपत्रे तपासणे शक्य आहे. भावासारख्या खरोखर देणाऱ्या माणसावर यात अन्याय होतो हे मान्य करायला हवे. पण तो अन्याय मोजता येण्याजोगा आहे, इथे वर्षाला २४,९००, आणि पर्यायी नियमाची किंमत मोजताच येणार नाही.

भावाला तरीही आपले देणे करातही दिसावे असे वाटत असेल, तर मार्ग एकच: उत्पन्न नव्हे, मालकी द्यायची. आणि इथे चुलत नात्याची एक अनपेक्षित अडचण येते, जी ठाऊक नसल्याने लोक चांगल्या हेतूने गोत्यात येतात. एका वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली, किंवा त्याहून जास्त मुद्रांक मूल्याची स्थावर मालमत्ता मिळाली, तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. अपवाद ‘नातेवाईकां’कडून मिळाल्यास. पण १९६१ च्या कायद्याच्या कलम ५६ मधल्या या नातेवाईकांच्या यादीत सख्खी भावंडे आहेत, आईवडिलांची भावंडे आहेत, त्यांचे जोडीदार आहेत, चुलत भावंडे नाहीत. आपल्याकडे चुलत भावाला भाऊच म्हणतात, भाऊबीजेला तो येतो, पण आयकर कायद्यापुरता तो परका. ही यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते, म्हणून ती एकाच दिशेने चालते. काकूने पुतण्याला काही दिले तर ते करमुक्त, कारण पुतण्याच्या यादीत वडिलांच्या भावाची पत्नी आहे. पुतण्याने काकूला दिले तर नाही, कारण काकूच्या यादीत दिराचा मुलगा नाही. म्हणजे भावाने आपला अर्धा फ्लॅट ताईला बक्षीसपत्राने दिला, आणि त्या अर्ध्याचे मुद्रांक मूल्य समजा ३० लाख असले, तर ते ३० लाख ताईच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जाण्याची वेळ येते. वर्षाच्या पंचवीस हजारांच्या करातून सुटण्यासाठी हा फार महागडा मार्ग झाला. आणि सध्याची व्यवस्थाही धोक्याबाहेर नाही. भावाच्या वाट्याचे वर्षाचे १,२०,००० भाडे ताईच्या खात्यात राहते. पालिकेचा कर आणि सोसायटीचा देखभाल खर्च वजा जाता उरणारी रक्कम ५०,००० च्या वर गेली, तर ती तिला परक्याकडून मिळालेली देणगी आहे असा अर्थ अधिकारी काढू शकतो. म्हणजे तेच पैसे भावाच्या हाती घराचे उत्पन्न आणि ताईच्या हाती ‘इतर उत्पन्न’. भावाने आपला वाटा आधी स्वतःच्या खात्यात घेऊन मग तो थेट काकूला पाठवणे हे त्यामानाने स्वच्छ: काकूच्या हातीही तो तत्त्वतः करपात्रच, पण तिचे एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याने कर शून्य, आणि कोणी कोणाला काय दिले याचा माग बँकेच्या नोंदीत राहतो.

कौटुंबिक तडजोडीचा दाखला इथे नेहमी दिला जातो. १९७६ च्या काळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रामाणिक कौटुंबिक तडजोडीला मोठा मान दिला, आणि आधी तोंडी झालेली तडजोड केवळ नोंदवणाऱ्या कागदाला नोंदणी लागत नाही असेही म्हटले. पण तडजोड हक्कांच्या खऱ्या किंवा संभाव्य वादाची असते. ‘अमक्या वर्षापासून भाडे अमक्याचे’ एवढेच लिहिलेला कागद मालकीला हात लावत नाही, आणि मालकीला हात न लावणारी तडजोड कलम २६ पुढे कुचकामी आहे.

पती-पत्नींचा प्रकार याहून वेगळा, आणि त्यावर थोडक्यात बोलले तरी चालेल. कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या नव्या इमारतींत फ्लॅट दोघांच्या नावाने घेण्याची पद्धत आहे, पैसे आणि हप्ते मात्र कित्येकदा एकटाच भरतो. तिथे करारनाम्यावरच्या नावांवरून भाडे निम्मे निम्मे दाखवले तर ते टिकण्याची शक्यता कमी. जोडीदाराला पुरेशा मोबदल्याशिवाय दिलेल्या घराचा मालक कलम २७ प्रमाणे देणाराच मानला जातो. म्हणजे ‘मालकीच्या हिश्श्याने कर’ याचा अर्थ ‘नावांच्या संख्येने कर’ असा नाही. पैसे कोणी घातले हा प्रश्न मागच्या दाराने परत येतोच.

प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना होणारी चूक मात्र अगदी साधी असते. आयटीआर-२ मधल्या घराच्या तक्त्यात आधी पूर्ण घराचे भाडे आणि पूर्ण मालमत्ता कर लिहायचा असतो. घर सहमालकीचे आहे का, सहमालकांची नावे आणि पॅन काय, आपला हिस्सा किती टक्के, हे स्वतंत्र रकान्यांत विचारलेले असते, आणि त्या टक्केवारीने हिस्सा फॉर्मच काढतो; त्यानंतर त्या हिश्श्यावर ३० टक्के वजावट होते. काही जण आधीच अर्धे भाडे आणि अर्धा मालमत्ता कर लिहितात आणि मग ५० टक्केही लिहितात. फॉर्म निम्म्याचे निम्मे करतो. भावाचे उत्पन्न ७९,८०० ऐवजी ३९,९०० येते, आणि तिघांच्या विवरणपत्रांची बेरीज केली की घराचे काही उत्पन्न हवेत विरलेले दिसते. चूक ओळखायची खूण तीच: प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये घराचे एकूण भाडे एकच असले पाहिजे, टक्क्यांची बेरीज शंभर, आणि निव्वळ उत्पन्नांची बेरीज पूर्ण घराइतकी. दलालाची दलाली, रंगरंगोटी, नळदुरुस्ती ताईने स्वतःच्या खिशातून केली म्हणून तिच्या हिश्श्यातून ती वेगळी वजा होत नाही. ३० टक्क्यांत सगळे धरलेले आहे. तो हिशोब तिने भावाकडून घरच्या घरी वसूल करावा.

भाडेकरू बँक किंवा कंपनी असेल, ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या गाळ्यात असतो तसा, तर उगमापाशी कापलेल्या कराचा गुंता वाढतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९५ च्या परिपत्रक ७१५ मध्ये सांगितले आहे की हिस्से निश्चित असतील तर भाड्यावरील कपातीची मर्यादा प्रत्येक सहमालकाला वेगळी लागते. पण करार एकाच्याच नावाने असला की कपात एकाच्याच पॅनवर जाते, आणि बाकीचे उत्पन्न दाखवतात पण त्यांच्या नावावर जमा काही दिसत नाही. १९६२ च्या आयकर नियमांतल्या ३७बीए या नियमाने यावर उपाय दिला होता: ज्याच्या नावावर कपात झाली त्याने भाडेकरूला लेखी कळवायचे, म्हणजे जमा योग्य माणसाकडे जाते. करारातच तिन्ही मालकांची नावे, टक्केवारी आणि तीन खाती घातली तर हा उपद्व्याप लागतच नाही. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी महाराष्ट्रात तशीही सक्तीची आहे, म्हणजे कागद करायचा आहेच. तो तिघांचा करायला फार तर दोन सह्या जास्त लागतील.

शेवटी ताईची बाजू. समजा गेली दोन वर्षे तिनेच सगळ्या भाड्यावर कर भरला आहे. “सरकारला कर मिळाला ना? मग आता कशाला उकरायचं?” असे भाऊ म्हणेल, आणि आपल्या आकड्यांत सरकारचे काही गेलेलेही नाही. पण १९९५ मध्ये अच्चय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९६१ च्या कायद्यात अधिकाऱ्याला निवड नाही. योग्य व्यक्तीवरच कर लावला पाहिजे, आणि चुकीच्या व्यक्तीवर आधी आकारणी झाली म्हणून योग्य व्यक्ती सुटत नाही. भावाने न दाखवलेला अर्धा हिस्सा त्यामुळे उघडाच राहतो. त्याला अद्ययावत विवरणपत्र भरता येते. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. पहिल्या १२ महिन्यांत भरले तर कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा, पुढच्या १२ मध्ये ५० टक्के, मग ६० आणि ७०. ताईला मात्र या मार्गाने स्वतःचा जास्त भरलेला कर परत मागता येत नाही, कारण अद्ययावत विवरणपत्र कर कमी करण्यासाठी किंवा परतावा मागण्यासाठी नाहीच. तिचा सुधारित विवरणपत्राचा दरवाजा बंद झाला असेल, तर तिचे पैसे अडकतात आणि भावाचा कर वाढत जातो. म्हणून दोघांनी हा संवाद करायचा तो त्या वर्षाचे सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत संपण्याआधी, आणि काकूला बरोबर बसवून.